याचे किती तारे?

आईबरोबरचा शेवटचा शनिवार मी भांडण्यात घालवला. भांडण आकाशातल्या ताऱ्यांवरून नव्हतं, सोनेरी चिकट कागदाच्या ताऱ्यांवरून होतं. पाचशे ताऱ्यांचा एक रोल यायचा आणि तो मीच आणून द्यायचे.

आई ज्या ग्रंथालयातून निवृत्त झाली, त्याच्याच पहिल्या मजल्यावर मागच्या बाजूला एक लांबोडकी खोली होती. सहा वर्षं ती तिथे दर बुधवारी आणि शनिवारी पुस्तकांचा दवाखाना चालवायची. मोठं टेबल, दहा-बारा खुर्च्या, मैद्याच्या खळीची भांडी, पातळ कागदाच्या पट्ट्या आणि फडक्यात गुंडाळलेल्या विटा. दुरुस्त केलेलं पुस्तक सुकेपर्यंत विटेखाली ठेवायचं. आठ ते तेरा वर्षांची मुलं यायची. फाटकं पुस्तक म्हणजे पेशंट. प्रत्येक पेशंटचा केसपेपर: तक्रार काय, उपचार काय केले, डॉक्टर कोण. खाली सही. मुलं आईला डॉक्टरीणबाई म्हणायची आणि ती ओ द्यायची.

माझी नोकरी अशा कंपनीत, जी दुसऱ्या कंपन्यांना त्यांच्या माणसांसाठी बक्षीस योजना आखून देते. गुण, तारे, महिन्याचा मानकरी, भिंतीवर नावांचा फलक. आमच्या साहेबांना त्या वर्षी काहीतरी समाजोपयोगी करून दाखवायचं होतं. मी म्हटलं, माझ्या आईचा दवाखाना आहे. बैठकीत सगळे खूश झाले. दुरुस्त झालेल्या प्रत्येक पुस्तकाला एक तारा, वीस ताऱ्यांना खेळण्यांच्या दुकानाचं कूपन. खर्च नऊ महिन्यांचा आणि एकाच गटाचा मंजूर झाला. मी शनिवारचा गट निवडला, कारण शनिवारी मला सुट्टी असायची. बुधवारची मुलं होती तशीच राहिली. खालच्या मजल्यावरचे बाइंडरकाका ग्रंथालयाचे पगारी कामगार. त्यांनाही शिवलेल्या पुस्तकामागे गुण आणि गुणांवर कूपन द्यायचं ठरलं.

आकडे धडाधड चढले. आठवड्याला बाराची तीस पुस्तकं झाली. मी आलेख काढला, साहेबांनी तो मोठ्या पडद्यावर दाखवला.

त्या शनिवारी मी वार्षिक अहवालासाठी फोटो काढायला गेले होते. योजनेचा पाचवा महिना चालू होता. दारातच मुंगी उभी. मुंगी म्हणजे दहा वर्षांची एक मुलगी. अंगाने एवढीशी, पण एकदा टेबलाला चिकटली की हलायची नाही, म्हणून आईनेच ठेवलेलं नाव. वर्षभरापूर्वी या मुलीने एका नकाशांच्या पुस्तकावर तीन शनिवार घालवले होते. एक पान समुद्रकिनाऱ्यावरून उभं फाटलं होतं आणि तिला किनारा तंतोतंत जुळवायचा होता. चिमट्याने. घरून न्यायला आलेल्या वडिलांना तिने अर्धा तास बाकावर बसवून ठेवलं होतं.

आता ती पेशंटच्या ढिगाऱ्यातून एकेक पुस्तक उचलून बघत होती, भाजी निवडावी तसं.

"डॉक्टरीणबाई, याचे किती तारे?"

"एक."

"आणि या जाड्याचे?"

"त्याचाही एकच."

"मग हे जाडं कोण घेणार?" मुंगीने ते खाली ठेवलं आणि एक पान सुटलेलं गोष्टीचं पुस्तक घेऊन बसली. चार मिनिटांत खळ लावून, दाबून, हात वर. "झालं! तारा!"

आईने माझ्याकडे बघितलं. "ऐकलंस?"

"हुशार आहे मुलगी," मी कॅमेऱ्यातूनच म्हणाले.

"तीच तर पंचाईत आहे."

"अगं, मग अवघड पुस्तकाला तीन तारे ठेवू. सोपं आहे."

"मग ती तीन ताऱ्यांचं पुस्तक घेईल," आई म्हणाली. "नकाशांचं नाही घेणार."

मी पुढचा फोटो काढला. तो चांगला आला होता. सहा मुलं, सहा हात वर.

संध्याकाळी बसथांब्यावर तो विषय पुन्हा निघाला. आईच्या नखांत खळ वाळली होती आणि ती खरवडत आई बोलत होती. "पूर्वी विचारायची, बाई हे पान कुठलं, याच्या मागे काय होतं. आता विचारतात किती."

"आई, पूर्वी बारा पुस्तकं व्हायची, आता तीस होतात."

"त्या तिसातली नऊ मी रविवारी परत उघडते. खळ धड लावलेली नसते."

"शिकतील. आणि तूही शाबासकी देतेसच की. ते बक्षीस नाही?"

आईने जरा विचार केला. वाद घालताना समोरच्याचं ऐकायची तिला वाईट खोड होती. "मी सांगते, कडा जुळल्यात. किंवा इथे सुरकुती राहिली. त्याने त्यांना आपलं काम दिसतं. ताऱ्याने तारा दिसतो."

"मागच्या वर्षी तू सगळ्यांना घडी दाबायच्या पट्ट्या वाटल्यास, ते?"

"त्या मिळणार हे त्यांना कुठे ठाऊक होतं? त्यासाठी कोणी आलं नव्हतं." मग म्हणाली, "अगं, पण तारे संपल्यावर काय?"

"तोवर सवय लागते." हे वाक्य आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचो. तोंडात बसलेलं होतं.

"कशाची? कामाची की ताऱ्यांची?"

याचं उत्तर मला येत होतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मानसशास्त्राच्या पेपरात आलं होतं. चित्रं काढायची मनापासून आवड असलेली बालवाडीतली मुलं. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना चित्र काढून झाल्यावर, न सांगता दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी रंग नुसते टेबलावर ठेवून दिले आणि कोण किती वेळ रंगवतं ते पाहिलं. आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं इतरांच्या निम्माच वेळ रंगांपाशी रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं. आवडीने करत होतो, त्याचं कारण बक्षिसाने बदलून टाकलं, आणि बक्षीस गेलं तेव्हा कारणही गेलं. मी ते सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. पैकीच्या पैकी गुण होते.

बसथांब्यावर मी म्हणाले, "तुझ्याकडे आठवणी आहेत आई, माझ्याकडे आकडे आहेत."

"बरं," ती म्हणाली. "तुझे आकडे तुला लखलाभ." रागावली नव्हती. मग बस आली. चढता चढता तिने वळून सांगितलं, "उद्या ये जमलं तर. पंखा कटकट आवाज करतोय, तुझ्या भावाला सांगून थकले."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला शेजारच्या काकूंचा फोन आला. आई चहाचं आधण ठेवून खाली बसली होती, ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय, क्षणात झालं असेल. आम्ही पोचलो तेव्हा गॅस काकूंनी बंद केला होता आणि पंखा चालू होता. कटकट करत.

त्यानंतर दवाखाना बंद पडू नये म्हणून शनिवारी मी बसायला लागले आणि बुधवारी ग्रंथपालबाईंनी बाइंडरकाकांना बसवलं. योजनेचे चार महिने उरले होते. मुलं येत होती, हात वर करत होती, मी तारे लावत होते. मग नऊ महिने पूर्ण झाले. मुलांना कूपनं दिली, टाळ्या झाल्या, रोल संपला.

पुढच्या शनिवारी दहातली सहा मुलं आली. त्याच्या पुढच्या शनिवारी तीन. मुंगी आली, तिने विचारलं, "नवे तारे कधी येणार?" मी म्हटलं, आता तारे नाहीत, नुसता दवाखाना. ती खुर्चीच्या काठावर बसली, एक पुस्तक उघडलं, मिटलं. "मग आता हे कशाला करायचं?" तिने खरोखर विचारलं, उद्धटपणे नाही. नकाशाच्या पुस्तकाची आठवण करून दिली, तर म्हणाली, "तेव्हा मी लहान होते."

महिन्याभरात शनिवारचं टेबल रिकामं झालं. योजनेआधी दहा होती. आता एकही नाही.

बुधवारी मात्र अकरा मुलं येत होती.

मी खाली बाइंडरकाकांकडे गेले. काका वीस वर्षं तिथे. कुठल्याही पुस्तकाचे नुसते पुठ्ठे चिकटवायला सांगितले, तरी ते आतली पानं सुटी करून, एकेक गठ्ठा दोऱ्याने शिवून काढायचे आणि वर वाचणाऱ्यासाठी फीत लावायचे. ती फीत कोणी मागितलेली नव्हती. फितीचे तुकडे ते घरून आणायचे.

"काका, ही फीत नाही लावली?"

"नाही लावली."

"आणि शिलाई?"

"कागदावर काय लिहिलंय? पुठ्ठा चिकटवणे. चिकटवला." त्यांनी चष्मा कपाळावर नेला. "तू विचारतेस म्हणून सांगतो पोरी, मलाही समजत नाही. गुण होते तेव्हा मोजायला लागलो. फीत लावायला दहा मिनिटं जातात, तेवढ्यात अर्धं पुस्तक होतं, म्हणून फीत सोडली. आता गुण बंद झाले. पगार तोच आहे, पूर्वीही तेवढाच होता. पण दोरा हातात घेतला की मनात येतं, हे फुकट कशाला? वीस वर्षं फुकटच करत होतो, तेव्हा हा शब्द डोक्यात नव्हता."

"परत सुरू करा ना."

"सुरू करा म्हणून सुरू होत असतं तर काय!" ते हसले, पण मजा आल्यासारखे नव्हे. "तुझ्या कूपनावर आणलेला मिक्सर छान चालतो, बरं का."

मला वाटलं, दोष माझाही असेल. आईसारखं बसणं मला जमत नसेल. म्हणून तीन आठवडे आम्ही दिवसांची अदलाबदल केली. शनिवारी काका एकटेच विटांसमोर बसून पेपर वाचून गेले. बुधवारी मी बसले, तर मुलांनी मलाच फैलावर घेतलं. "ताई, एवढी घट्ट खळ? पान कडक होईल." "ताई, वीट आत्ता काढायची नसते, उद्या." एक चष्मेवाला मुलगा एका शब्दकोशाला महिनाभर धरून होता. त्याला मी विचारलं, कंटाळा नाही येत? तो म्हणाला, "अहो, अजून 'म' सुद्धा नाही आला."

कपाटात आईने केसपेपर दोन खोक्यांत लावून ठेवले होते. मी ते दोन दिवस वाचले. योजनेआधीचे दोन्ही वारांचे कागद सारखेच होते. मुंगीच्या अक्षरात: *तक्रार: किनारा फाटला आहे. एक बेट हरवलं आहे. उपचार: बेट पान ४१ मध्ये सापडलं. परत नेऊन बसवलं.* बुधवारचे अजून असेच. शनिवारचे पहिल्या ताऱ्यापासून आखडत गेलेले: *पान चिकटवलं. १ तारा. पान चिकटवलं. १ तारा.* शेवटी तक्रारीचा रकाना रिकामाच. काही कागदांच्या मागे आईने पेन्सिलीने तारीख टाकून लिहिलं होतं, परत उघडलं, परत लावलं. एकाही कागदावर माझ्याबद्दल काही नव्हतं. मी शोधलं.

आणि मग ग्रंथालयाच्या अध्यक्षांचा फोन आला. आवाजात कौतुक ओसंडत होतं. "ताई, तुमच्या आईंच्या नावाने पुरस्कार ठेवतोय आम्ही! वर्षात सर्वांत जास्त पुस्तकं दुरुस्त करणाऱ्या मुलाला चषक, दर महिन्याला तारे, कूपनं. तुमच्या साहेबांनी खर्च उचललाय. आणि या वेळी दोन्ही गट, बरं का! बुधवारच्या मुलांवर अन्याय नको."

मी म्हणाले, बुधवारला हात लावू नका.

"आं?"

"ती मुलं आपणहून येतायत."

"म्हणून तर! त्यांना काहीतरी मिळायला हवं."

मी फोनवर समजावलं. मग ऑफिसात साहेबांना समजावलं. ते म्हणाले, "मग आपण सगळ्या गिऱ्हाइकांना जे विकतो ते काय आहे?" मी म्हटलं, ते जिथे विकतो तिथे काम मुळातच रटाळ असतं. पावत्यांचे आकडे दिवसभर संगणकात भरणं कोणी आवडीने करत नाही, तिथे बक्षिसाने आवड मरत नाही, कारण मरायला ती नसतेच. इथे होती. साहेब म्हणाले, "तुम्ही सध्या भावनिक झाला आहात. सुट्टी घ्या." भावाला सांगितलं, तर तो म्हणाला, "आईच्या नावाचा चषक आहे, तू विरोध करणार? लोक काय म्हणतील?" त्याने पंखा दुरुस्त केला होता. तो आता अजिबात वाजत नव्हता, याचाही मला राग आला.

बैठक गुरुवारी पाच वाजता, वाचनकक्षात. अध्यक्ष, चिटणीस, ग्रंथपालबाई, साहेब, आणि कोपऱ्यात बाइंडरकाका. टेबलावर चषकाचा नमुना. त्यावर उघडं पुस्तक कोरलेलं, आणि पुस्तकावर तारा.

मी दोन्ही खोकी नेली होती. चिटणिसांच्या पुढे दोन कागद ठेवले, एक शनिवारचा, एक बुधवारचा.

"अक्षर छान आहे," चिटणीस म्हणाले.

"मजकूर बघा."

"बघितला. पण ताई, योजना चालू होती तेव्हा तीस पुस्तकं होत होती की नाही?"

"होत होती."

"आणि बंद केल्यावर शून्य. म्हणजे योजना बंद करणं हीच चूक, नाही का?" त्यांनी सगळ्यांकडे बघितलं. सगळ्यांनी मान हलवली. त्यांच्या लेखी एवढं सरळ होतं ते.

"योजनेच्या आधी बारा होत होती," मी म्हणाले. "तारे नसताना. ती बारा कुठे गेली? बुधवारी तारे कधीच नव्हते आणि तिथे आजही अकरा मुलं आहेत. खोली तीच, खळ तीच. मी बसून पाहिलं, काकांनी बसून पाहिलं. फरक एकच आहे."

"मुलं बदलतात हो," अध्यक्ष मायेने म्हणाले. "परीक्षा असतात, खेळ असतात. आणि तुमच्या आईंचा हातच वेगळा होता."

"मग बुधवारची मुलं का नाही बदलली?"

"ते आता कोण सांगणार?"

"मी सांगतेय ना!"

आवाज चढला. ग्रंथपालबाईंनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. साहेब घड्याळाकडे बघत होते. बाइंडरकाका कोपऱ्यातून म्हणाले, "पोरगी बरोबर बोलतेय. माझी फीत गेली." कोणाला फीत म्हणजे काय ते कळलं नाही. कोणी विचारलंही नाही.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "ताई, तुमच्या भावनांचा आदर आहे. पण तुमच्या आईंच्या डोळ्यांदेखत ही योजना पाच महिने चालली. त्यांनी कधी लेखी तक्रार केली नाही. त्यांचा पाठिंबाच होता, असं मी धरतो. ठराव मांडू या?"

चिटणिसांनी पेन उघडलं.

आईने लेखी तक्रार केली नव्हती, हे खरं होतं. ती मला तोंडी सांगत होती. बसथांब्यावर, नखं खरवडत. माझ्यापेक्षा वरची समिती तिला माहीत नव्हती. आता ते तिचा होकार कागदावर लिहिणार होते आणि पुढच्या बुधवारी चष्मेवाला मुलगा शब्दकोश बाजूला ठेवून विचारणार होता, याचे किती.

मी उभी राहिले. उभं राहायचं ठरवलं नव्हतं.

"लिहिताय ना, मग हेही लिहा," मी म्हणाले. "तिचा पाठिंबा नव्हता. ती पहिल्यापासून सांगत होती. मला सांगत होती. शेवटच्या दिवशीसुद्धा तिने विचारलं, सवय कशाची लागेल, कामाची की ताऱ्यांची. मी तिला म्हटलं, तुझ्याकडे आठवणी आहेत, माझ्याकडे आकडे." पेन थांबलं होतं. "मला उत्तर येत होतं. तेव्हाही येत होतं, योजना लिहिली तेव्हाही येत होतं. मी ते शिकलेय. योजना आवडली म्हणून, आलेख आवडला म्हणून मी गप्प बसले. शनिवारची मुलं मी घालवली. काकांची फीत मी घालवली. तुमचा काही दोष नाही, तुम्हाला ठाऊक नव्हतं."

माझ्या समोर मुंगीचा केसपेपर होता, बेटाचा. त्याच्या खाली तपासणाऱ्याची सही म्हणून आईचं नाव, बारीक अक्षरात.

त्या सहीकडे बघून मी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं:

"आई, तुझं बरोबर होतं. आणि मला तेव्हाच माहीत होतं."